सतरा नव्हे, दोन

आमचा मिस्त्री कमी बोलायचा. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिला आणि कामगारांची बोटं शाबूत राहतील अशा वस्तू करत गेला. त्याच्या नावावर सतरा पेटंट आहेत, असं मी त्याच्या निवृत्तीच्या समारंभात भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या. पुढची अकरा वर्षं मी ते जिथे तिथे सांगत फिरलो.

हा आकडा मी काढला होता. ड्रॉइंग ऑफिसच्या फाइलीत त्याच्या नावाचे पंधरा कागद मोजले. माझ्या पुतण्याने संगणकावर नाव टाकून आणखी दोन दाखवले. झाले सतरा. एकही कागद मी नीट वाचला नाही. टर्नर म्हणून लेथवर मापात केसाएवढी चूक होऊ न देणारा मी, इथे नुसतं मोजून मोकळा झालो.

प्रशिक्षण केंद्राच्या नव्या वर्कशॉपला मिस्त्रीचं नाव द्यायचं ठरलं. पितळी पाटी झाली: नाव, खाली ‘सतरा पेटंटचे शोधक’. पाटी लागण्याआधी प्राचार्यांनी सगळं तपासायला दिलं. पेटंट वकिलांच्या कचेरीत नोंदी शोधणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे मला यादी घेऊन पाठवलं.

बाईंनी यादी समोर ठेवली आणि पेटंट कार्यालयाच्या नोंदी एकेक करून उघडल्या.

“काका, हे अर्जांचे क्रमांक आहेत. मंजूर झाल्याचे नाहीत.”

“छापून आलेत की!”

“अर्ज अठरा महिन्यांनी छापलाच जातो. तपासणी त्यानंतर. छापलं म्हणजे मिळालं असं नाही.”

मग त्यांची पेन्सिल चालू झाली. चार कागद तात्पुरत्या अर्जाचे. त्याच वस्तूंचे पूर्ण अर्ज खाली होतेच, मी दोन्ही मोजले होते. तीन परदेशातले, पुढे सोडून दिलेले. पाच अर्जांवरच्या पेटंट कार्यालयाच्या हरकतींना कंपनीने मुदतीत उत्तरच दिलं नव्हतं. एक सरळ नाकारलेला: लेथवर काम पकडणाऱ्या चकमधून आपोआप बाहेर पडणारी चावी, तशी आधीच कुणीतरी नोंदवलेली होती. माझ्या भाषणातली सगळ्यात मोठी फुशारकी तीच.

“आणि हे दोन?” पुतण्याच्या दोन नोंदींवर मी बोट ठेवलं.

“नाव तेच, पत्ता वेगळा. हे रंगांचे रसायनतज्ज्ञ आहेत. तुमचे मिस्त्री रंग करायचे?”

“भिंतीलासुद्धा नाही.”

उरली दोन. लेथवर उडणाऱ्या धातूच्या चिपा अडवणारं झाकण आणि थंड पाण्याच्या नळीची पकड. मालक कंपनी, शोधक मिस्त्री. एकाची फी पुढे भरली नव्हती.

“मग ते गेलं?” मी घाबरून विचारलं.

“हक्क संपला. पण मंजूर झालेलं ते झालेलंच. ही दोन पक्की.”

मान वर करवेना. मी खोटं बोललो नव्हतो, पण न तपासता बोललो होतो, आणि कामाच्या हिशेबाने ते त्याहून वाईट.

तिथून थेट मिस्त्रीच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. मी कागद त्याच्यापुढे ठेवला.

“मिस्त्री, माझ्यामुळे तुमची शोभा होणार.”

त्याने चष्मा लावला, एकेक ओळ वाचली.

“मला माहीत होतं, टर्नर.”

“कधीपासून?”

“तू बोललास त्या दिवसापासून. चावीचा नकाराचा कागद माझ्याच हातात आला होता.”

“मग गप्प का बसलात हो?” वहिनी दारातून म्हणाल्या. “अकरा वर्षं मी पाहुण्यांपुढे सतरा सतरा करत नाचले!”

मिस्त्रीने चष्मा काढून कागदावर ठेवला. “टाळ्या बऱ्या वाटल्या ग. दर वेळी ठरवायचो, पुढच्या खेपेला सांगू.”

वहिनी आत निघून गेल्या. भांडी जरा जोरात वाजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं प्राचार्यांसमोर उभे राहिलो. मी माझी चूक सांगितली, त्याने त्याची. “मग नावच नको,” तो म्हणाला. प्राचार्यांनी बाईंचा कागद दोनदा वाचला. म्हणाले, “झाकणाने बोटं वाचली ती खरी आहेत. नाव राहील, आकडा बदलेल. पण पाटी नवी होणार नाही.”

“मी करतो,” मी म्हणालो.

‘सतरा’ची अक्षरं वितळवलेल्या पितळेने बुजवली, वर कानस, मग पॉलिश कागद. दुपार गेली. नव्या ‘दोन’ची अक्षरं मिस्त्रीने आखली, मी कोरली. शेवटी त्याने डोळे मिटून पाटीवरून अंगठा फिरवला.

“इथे खड्डा लागतोय.”

“दिसत नाही.”

“लागतोय ना पण.”

मी पाटी पुन्हा शेगड्याच्या जबड्यात आवळून बांधली.