तीन भोकांचा नळ आणि आत्याबाईंचं बेसिन

आमच्या घरी आलेल्या आहेरांपैकी दोनच आहेरांनी मला रडवलं. दोन्ही देवासच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचे. एक माझ्या भावानं पुण्याहून पाठवलेला नळ, दुसरं आत्याबाईंनी धारहून पाठवलेलं बेसिन.

आत्याबाई म्हणजे ह्यांची आत्या. आई लवकर गेल्यावर ह्यांना तिनंच वाढवलं. आम्ही लग्न ठरवून मग तिला सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. ह्यांची देवासच्या कारखान्यातली नोकरी, धार काही लांब नाही, पण तिनं आमच्या भाड्याच्या खोलीचा उंबरा कधी ओलांडला नाही. आणि आता बेसिन आलं, मागोमाग निरोप आला की वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी येते. दोन दिवस हे नुसते हवेत होते.

बेसिन पेंढ्याच्या खोक्यात होतं. ह्यांनी वरचा पेंढा बाजूला करून त्यावर कुंकवाचं बोट लावलं, फूल ठेवलं आणि फर्मान काढलं की बसवेपर्यंत कोणी उचलायचं नाही, टवका उडेल. देव तरी रोज अंघोळीला बाहेर येतात, ह्याला तीही सूट नव्हती!

प्लंबर आला, भावाचं खोकं उघडलं आणि डोकं खाजवायला लागला. भावानं हौसेनं गरम-गार पाण्याचा मोठा सेट घेतला होता. मधे तोटी, दोन्ही अंगांना एकेक चावी, आणि तिघांना जोडणाऱ्या नळ्या बेसिनच्या खाली. म्हणजे तीन भोकं हवीत. बेसिनला वरून दिसत होतं ते मधलं एकच.

"भाभीजी, एक छेद में तीन की चीज कैसे बैठेगी?" तो म्हणाला. मग त्यानं समजावलं. एका भोकाला साधा उभा नळ बसेल, पण त्याला गारच पाणी. गरम-गार दोन्ही हवं असेल, तर दोन्ही चाव्या तोटीच्याच अंगावर असलेला एका भोकाचा मिक्सर आणा. नाहीतर तीन भोकांचं बेसिन आणा. मी म्हटलं, ड्रिलनं पाडा की दोन. तो म्हणाला, कोऱ्या चिनी मातीला ड्रिल लावलं तर तडकेल, मी जबाबदारी घेणार नाही. खालून बघतो म्हणून त्यानं हात घातला, तर हे धावले. "भिया, पलटने तो दो," तो ह्यांना म्हणाला. ह्यांनी नाही म्हणजे नाही.

आता झाली का पंचाईत! नळ बाजूला ठेवला तर माझं माहेर रुसणार. बेसिन बाजूला ठेवलं तर आत्याबाई आल्या पावली परत जाईल आणि ह्यांचा चेहरा मला जन्मभर बघावा लागेल. आम्ही दोघं असं कडाकडा भांडलो की प्लंबर ओट्यावर बसून विडी ओढायला लागला. शेवटी मीच म्हटलं, आण बाबा साधा उभा नळ. भावाला मी सांभाळीन.

तेवढ्यात दाराशी टांगा थांबला. आत्याबाई! दुपारी येणार होती, ती सकाळीच. आत आली, माझ्याकडे न बघता ह्यांना विचारलं की काय चाललंय. ह्यांनी सगळं सांगितलं.

"अरे शहाण्या, पालथं घालून बघितलंस का?"

ह्यांनी खाली पोतं अंथरलं, प्लंबरनं बेसिन उपडं केलं. मधल्या भोकाच्या दोन्ही अंगांना मातीत खोल गेलेले दोन गोल होते. वरून नुसती पातळ खापरी आणि चकाकी राखलेली, हवं तेव्हा फोडून भोक करायला. प्लंबर हसला. त्यानं टेपनं चाव्यांमधलं अंतर मापलं, गोलांमधलं मापलं. दोन्ही आठ इंच. मग बेसिन सुलटं करून खाली पोत्याची घडी दिली, मधल्या भोकापासून माप घेऊन वर खूण केली आणि छोट्या टोकदार हातोडीनं मधोमध टिकटिक करत आधी बारीकसं छिद्र पाडलं, मग कडेकडेनं वाढवलं. मी श्वास धरून होते. मग दुसरं भोकही तसंच मोकळं झालं. हुश्श! एवढं हलकं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी नळ बसला. डावीकडे गरम, उजवीकडे गार, खाली कुठे थेंब नाही. आत्याबाईनं हात धुतले आणि प्रथमच सरळ माझ्याकडे पाहिलं.

"दुकानात दोन तऱ्हा होत्या. मी ही घेतली. एकच नळ असला तरी चालेल, आणि तुझ्या माहेरून काही आलं तर त्यालाही जागा निघेल, म्हटलं."

मी वाकून नमस्कार केला, तिनं पाठीवर ओला हात ठेवला, आणि मी तिथेच बेसिनपाशी रडले.