टाकाचा कोपरा

बारावीच्या प्रॅक्टिकलचे दिवस आले की मला आधीच दमल्यासारखं होतं. इतकी वर्षं तेच क्षार, त्याच परीक्षानळ्या, तीच वाक्यं. सिल्व्हर नायट्रेट घातलं की पांढरा साका येतो, अमोनियम हायड्रॉक्साईड, म्हणजे पाण्यातला अमोनिया, घातलं की तो विरघळतो, म्हणून क्लोराईड आहे. फिकट पिवळा साका आला आणि जेमतेम विरघळला तर ब्रोमाईड. पिवळा आला आणि ढिम्म राहिला तर आयोडाईड. मुलं हे कोचिंग क्लासमधून पाठ करूनच येतात. नळीत काय चाललंय ते बघायचीसुद्धा तसदी घेत नाहीत, उत्तर आधी लिहितात आणि प्रयोग नंतर करतात. मी पूर्वी चिडायचे. आता चिडायलाही अंगात जोर लागतो.

आमची प्रयोगशाळा खाडीच्या बाजूला आहे. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या बिजागऱ्या खाल्ल्यात, तराजू सतत रुसलेला असतो आणि बाटल्यांवरची लेबलं दर पावसाळ्यानंतर पुन्हा चिकटवावी लागतात. ती चिकटवण्याचं, नळ्या धुण्याचं आणि माझी कुरकुर ऐकून घेण्याचं काम मावशींचं. त्या आमच्या प्रयोगशाळेच्या मदतनीस, खाली कोळीवाड्यात राहतात. वयाने माझ्याएवढ्याच असतील, पण सगळं कॉलेज त्यांना मावशी म्हणतं म्हणून मीही म्हणते. त्यांचा नवरा मासेमारीला गेला तो परत आला नाही. होडी सापडली, माणूस सापडला नाही. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, तेव्हा मीही गेले होते.

त्या दिवशी शेवटची बॅच गेली आणि मी स्टुलावर पाय सैल सोडून बसले होते. मावशी नळ्या धुवायच्या सोडून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी एक पुडी काढली.

"मॅडम, ह्यो जरा बघा ना."

पुडीत टाक होता. आमच्याकडे देव्हाऱ्यात देवांबरोबर पूर्वजांचेही टाक असतात, चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली आकृती. हा त्यांनी नवऱ्याचा करून घेतला होता. सोनाराकडे साचा एकच, सगळ्या पुरुषांना तोच चेहरा. पण मावशींनी तिथेच बसून कोळ्याची टोपी उठवून घेतली होती आणि गालावर एक टिंब ठोकून घेतलं होतं. नवऱ्याच्या गालावर मस होता.

आता त्यातलं काहीच दिसत नव्हतं. टाकावर जांभळट करड्या रंगाचं जाड पुट चढलं होतं. मी नखाने कडेला खरवडलं तर मेणासारखं निघालं.

"ह्याला काय केलंत?"

मग मावशींनी सांगितलं. उधाणाचं पाणी घरात शिरलं होतं तेव्हा पंचायतीने ब्लीचिंग पावडर वाटली. सगळ्यांनी जमीन धुतली, पिंप धुतलं. सुनेने देव्हाऱ्यातलं सगळं एका बरणीत त्याच पावडरीच्या दाट पाण्यात घातलं, देवांना घाण लागायला नको म्हणून. घराची डागडुजी होईपर्यंत देव्हारा रिकामाच राहिला, बरणी पोटमाळ्यावर गेली ती दिवाळीनंतरच खाली आली. पितळेचे देव चिंचेने घासून निघाले. हा निघाला नाही. सोनार म्हणाला, घासू नका, राहिलंय तेही जाईल, आटवून नवीन करून देतो.

"आटवायचा न्हाय मला," मावशी म्हणाल्या. "येकदा गेलाय तो. पुन्ना मीच आटवू?"

"फोटो आहे ना त्यांचा?"

"हाय की. पोराच्या मोबाईलात हाय, भिंतीवर हाय. फोटोला आंघोळ घालता येते काय?"

घरात पाणी शिरेपर्यंत रोज सकाळी त्या टाकाला पाणी घालायच्या, पुसायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि मग कामावर यायच्या. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, आणि त्यांना तो उजळून देव्हाऱ्यात बसवायचा होता. मसाच्या टिंबासकट.

"तुमच्याकडं त्ये हाय ना," त्यांनी अमोनियाच्या बाटलीकडे बोट केलं. "पोरं वततात. पांढरं दह्यावानी आसतं ते पान्यासारखं होतं. मी रोज धुते, बघते की. त्यात बुडवा ह्याला, वरचं सगळं जाईल."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि तीच तर पंचाईत होती. ब्लीचिंग पावडरीतल्या क्लोरीनने चांदी खाल्ली होती आणि वरचं पुट सिल्व्हर क्लोराईडचंच होतं. उजेडात जांभळट पडलं होतं, तीही त्याचीच खोड. अमोनियात ते नक्की जाणार होतं. पण ते पुट म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हता.

मी त्यांना शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगायचा प्रयत्न केला. वर्गात हे मी घडाघडा बोलते, इथे जीभ अडखळत होती. म्हटलं, मावशी, नळीतलं ते पांढरं पाण्यात विरघळत नाही असं आपण म्हणतो, पण अगदीच नाही असं नसतं. चांदीचा एखादा कण सुटतो, पाण्यात हिंडतो आणि पुन्हा येऊन बसतो. जेवढे सुटतात तेवढेच परत बसतात, म्हणून आपल्याला काही झाल्यासारखं वाटत नाही. अमोनिया घातला की सुटलेल्या प्रत्येक कणाला अमोनियाचे दोघे दोन बाजूंनी धरतात. मग त्याला परत येऊन बसता येत नाही. त्याची जागा भरायला आणखी सुटतात, त्यांनाही धरलं जातं. असं करत सगळंच पाण्यात जातं.

"म्हंजे धरून नेतात."

"हो. पण नेतात ती तुमची चांदीच. वरचं पुट म्हणजे टाकच आहे मावशी. टोपी, मस सगळं वरवरच उठवलेलं असतं, आणि वरचंच सगळं असं झालंय. आत किती धड राहिलंय ते मला माहीत नाही. पत्रा आधीच कागदाएवढा."

त्यांनी टाक उचलून बोटाने खालची कड चाचपली. मग म्हणाल्या, "कोपरा बघा. खालचा. तिकडं काय न्हाय त्यांचं."

मला ते करायचं नव्हतं, हे सरळ सांगते. मला घरी जायचं होतं, चहा घ्यायचा होता, आणि कुणाच्या मेलेल्या नवऱ्याची जबाबदारी अंगावर घ्यायची नव्हती. पण मावशी कधी काही मागत नाहीत. मी सगळ्या खिडक्या उघडल्या, छोट्या चंचुपात्रात अमोनिया घेतला आणि टाक चिमट्यात धरून त्याचा खालचा कोपरा बुडवला. डोळ्यांची आग व्हायला लागली. मावशींनी पदर नाकाला लावला, पण मागे सरकल्या नाहीत.

पुट पातळ व्हायला लागलं. आधी कड स्वच्छ झाली, मग कोपरा. मावशींचा चेहरा उजळला. खालून चांदी दिसली, पांढरी, खरखरीत. तेवढ्यात तिच्यात एक बारीक भोक दिसलं. मग शेजारी दुसरं. मी टाक झटकन वर काढला आणि साध्या पाण्याखाली धरला. कोपऱ्याची जाळी झाली होती, त्यातून माझं बोट दिसत होतं.

"बस," मावशी म्हणाल्या.

मीही तेच म्हणणार होते. टाक टिपून पुन्हा पुडीवर ठेवला. जांभळट, ओबडधोबड, आणि एका कोपऱ्याला उपाशी माणसासारखा. त्याच्या गालावरचं टिंब त्या पुटात कुठेतरी होतं, पण ते काढायला गेलं तर गालच जाणार होता. मला वाईट वाटलं आणि रागही आला. कुणाचा राग ते कळेना. सुनेचा म्हणावा तर तिने देवांच्या काळजीनेच केलं होतं.

मावशी टाकाकडे बघत नव्हत्या. चंचुपात्राकडे बघत होत्या. त्यातलं पाणी नितळ होतं.

"कोपरा कुठं गेला त्याचा?"

"यातच आहे."

"दिसत न्हाय."

"दिसणार नाही. पण आहे."

चांदी घेतलेला अमोनिया तसाच ठेवून देता येत नाही. तो बरेच दिवस राहिला तर त्यात धडाका उडणारा पदार्थ तयार होऊ शकतो. म्हणून आम्ही ते वेळच्या वेळी आम्ल घालून मोडतो. मी नायट्रिक आम्लाची बाटली घेतली आणि थेंब थेंब सोडायला सुरुवात केली. पांढरा धूर उठला, पात्र कोमट झालं. कितीतरी थेंब गेले तरी काहीच नाही. अमोनिया आम्लाला जाऊन मिळत होता. मग त्याने चांदीला सोडलं, क्लोराईड तर तिथेच वाट बघत होतं, आणि त्या नितळ पाण्यात दुधासारखा ढग उभा राहिला. मी ढवळलं तशा त्याच्या गुठळ्या झाल्या आणि तळाशी बसायला लागल्या.

हे मी आयुष्यात किती वेळा बघितलं असेल! परीक्षेत यावर एक प्रश्नही येतो. पण मावशी स्टुलावरून उठल्या, टेबलाच्या कडेला हात टेकून वाकल्या आणि त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला.

"पान्यात गेल्यालं परत येतंय?"

"येतं. पण मावशी, आकार येत नाही. पूडच येते."

"आकार कोन मागतंय," त्या म्हणाल्या. "त्यांचं तर कायबी आलं नव्हतं."

मी गाळणकागद घडी करून नरसाळ्यात बसवला. माझ्या डोळ्यांतलं पाणी अमोनियाचं म्हणावं, तर अमोनिया केव्हाच आम्लाला मिळाला होता. गाळलेलं पुन्हा पुन्हा धुतलं, आम्लाचा अंश राहू नये म्हणून. चिमूटभरसुद्धा नव्हतं ते. पुडी बांधून देताना, उजेडात ठेवू नका, काळं पडेल, असं मी म्हटलं, आणि मग मलाच वाटलं, पडू दे.

वर्षश्राद्धाला मी गेले. देव्हाऱ्यात उजळ पितळी देवांच्या ओळीत तो जांभळट टाक बसवलेला होता, जाळीचा कोपरा खाली, आणि त्याच्यासमोर करंड्याच्या झाकणात कागदाची पुडी. मावशींनी त्याला पाणी घातलं नाही, नुसता ओला कपडा टेकवला. सून मागे उभी होती, तिला पुढे घेऊन तिच्या हातून हळद लावून घेतली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मळ न्हाय तो. त्येच हायत."

मी यंदा पुन्हा तेच वाक्य वर्गात सांगते आहे. पांढरा साका अमोनियात विरघळतो. मुलं न बघता लिहून घेतात. फरक एवढाच की प्रॅक्टिकल संपल्यावर मावशी आता नळ्या लगेच ओतत नाहीत. पांढऱ्या, पिवळ्या एकीकडे ठेवतात, आणि ज्या अगदी नितळ आहेत त्या एकेक करून खिडकीपाशी उजेडात धरतात. मग माझ्याकडे वळून विचारतात, "मॅडम, ह्याच्यात कोन हाय काय?"