बियाण्याच्या कांद्यांची थंड खोली

बी. ए. होऊन गावी परतलो तेव्हा चाकणच्या अलीकडच्या आमच्या वस्तीवर मला काहीतरी उपयोगाचं करून दाखवायचं होतं. आईवडिलांनी मला शिकवलं होतं आणि त्याची परतफेड लगेच सुरू व्हावी, असं मनात होतं. समोर कांदे दिसले.

चैत्रात काढलेले कांदे वडिलांनी पातीखाली झाकून वावरातच सुकवले होते. मग माना बोटभर ठेवून कापल्या आणि ते पंधरा दिवस सावलीत पसरले. माना मिटल्या, वरचं साल कागदासारखं वाजू लागलं, तेव्हा ते चाळीत गेले. चाळ म्हणजे जमिनीपासून वर उचललेली, बांबूच्या कामट्यांची, चहूबाजूंनी वारा खेळणारी झोपडी. मला ती अगदीच मागासलेली वाटली.

आईने बियाण्यासाठी दोन टोपल्या निवडक कांदे वेगळे काढले होते. ते कार्तिकात लावायचे, त्यांना फुलांचे गोंडे यायचे आणि गोंड्यांतल्या बियांतून पुढचं पीक. हे बी ती माहेराहून घेऊन आली होती. मी म्हणालो, "हे तरी शास्त्रशुद्ध ठेवू. थंड, अंधारी जागा हवी." पुस्तकात वाचलं होतं. मागच्या खोलीत बेण्याचे बटाटे पाल्याखाली होते आणि उन्हाळ्यात त्यांच्यावर रोज पाण्याचा शिपका मारत. त्याहून थंड जागा घरात नव्हती, म्हणून टोपल्या मी तिथेच नेल्या.

"आरं, बटाट्याला ओल लागती, कांद्याला वारा," आई म्हणाली.

"त्यो बी. ए. हाय," वडील म्हणाले. "तू गप."

पाऊस लागल्यावर शिपका थांबला आणि खोली बंदच राहिली. आषाढात लावणीसाठी बटाटे काढायला दार उघडलं आणि वास बाहेर आला. निम्म्या कांद्यांच्या माना सडल्या होत्या, उरलेल्यांना वीतभर हिरवे कोंब. बटाटेही श्वास घेतात, ओल सोडतात. त्या कोंदट हवेत कांद्याची सुकलेली मान पुन्हा भिजते. बटाटे मात्र उत्तम होते. पुस्तकातलं ते प्रकरण बटाट्यांचंच होतं, हे मी नंतर पाहिलं.

शेजारच्या काकांनी दारातूनच विचारलं, "काय राव, कसला वास?"

"पोराचा प्रयोग चाललाय," वडील अभिमानाने म्हणाले. ही थट्टा नव्हती, म्हणून मला जास्त लागलं.

आईच्या बियाण्याचं काय, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. तिनेच मला चाळीकडे नेलं. आढ्याला एक जुनी जाळी टांगली होती, तिच्यात वीसेक कांदे. पहिल्याच दिवशी तिने ते टोपलीतून परत काढून आणले होते. एकही कोंब नव्हता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू एवढं शिकून आलास. तुला न्हाई कसं म्हनायचं?"

कार्तिकात तेच कांदे लावले. पुढच्या वर्षी नवे निवडक कांदे काढल्यावर वडिलांनी सगळ्यांदेखत मला गंभीरपणे विचारलं, "मास्तर, हे कुठं ठेवायचं?"

मी चाळीकडे बोट दाखवलं.

"बघ," ते आईला म्हणाले, "शिक्षन वाया जात न्हाई."