सौजन्याची भाषा

शहापुरात घरी बसून मी फ्रेंच पत्रं दुरुस्त करते. कंपनीची मुलं गिऱ्हाइकांना घाईघाईत उत्तरं लिहितात, मी ती सभ्य करते. पहिल्याच आठवड्यात आमच्या वरिष्ठ बाईंनी मला एक वाक्य खोडून दाखवलं होतं. ‘ज वूले साव्वार’, म्हणजे ‘मला जाणून घ्यायचं होतं’. बोलताना हे पुरेसं नम्र आहे, पण पत्रात थोडं सैल वाटतं. त्याजागी त्यांनी लिहिलं, ‘ज म पेर्मे द वू दमांदे’, ‘आपणास विचारण्याची मुभा घेते’. तक्रारीत कोणावर बोट ठेवायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं. ‘तुम्ही पाठवलं नाही’ नव्हे, ‘आम्हांस प्राप्त झाले नाही’. मला ते फार आवडलं. त्यात मी तरबेज झाले.

माझी आत्या मुरबाडकडच्या डोंगरात राहते, सिद्धगडाच्या पायथ्याला. मागच्या भातकापणीच्या दिवसांत तिची सून बाळंतपणात अडली. रुग्णवाहिकेसाठी आरोग्य केंद्रात तीनदा फोन केला. दोनदा ‘निघतो’ म्हणाले, तिसऱ्यांदा उचललाच नाही. शेवटी चौघांनी तिला झोळीत घालून खाली आणलं. पोर वाटेतच गेलं. आरोग्य केंद्रात पोचले तेव्हा गाडी आवारात उभी होती आणि चालक ओट्यावर चहा पीत होता. हे आत्याने स्वतः पाहिलं.

पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे आली.

“तू मोठमोठ्या लोकांची पत्रं लिवतंस ना गो? मला एक लिवून दे, तालुक्याच्या दवाखान्याच्या सायबाला.”

“काय लिहायचं, आत्या?”

“लिव. तुमची गाडी दारात उभी व्हती. तुमी येतो बोललात नि आला नाय. माजं नातवंड मेलं. का आला नाय, तेवढं सांगा.”

मी लिहून घेतलं. मग तिला चहा दिला आणि कॉम्प्युटरवर बसले. ‘तुमची गाडी उभी होती’ हे मला आरोपासारखं वाटलं. आरोप केला की साहेब चिडतात, असं मी स्वतःला समजावलं. शिवाय ते भांडल्यासारखं दिसत होतं आणि माझ्या हातून तसं पत्र जायला नको होतं. मी लिहिलं: ‘रुग्णवाहिका वेळेत उपलब्ध होऊ न शकल्याने नवजात अर्भकाचे दुर्दैवी निधन झाले. तरी याबाबतची माहिती आपणाकडून मिळावी, ही नम्र विनंती.’

वाचून दाखवलं.

“गाडीचं कुठं हाय यात?”

“आहे ना. उपलब्ध होऊ शकली नाही, असं लिहिलंय.”

“म्हंजी नव्हती?”

“तसं नाही. सरकारी कागदात असंच लिहितात.”

तिने अंगठा उठवला. माझ्यावर विश्वास होता तिचा.

दीड महिन्याने उत्तर आलं. ते घेऊन ती एसटीने आली. त्यात लिहिलं होतं: ‘आपण अर्जात नमूद केल्याप्रमाणे त्या वेळी रुग्णवाहिका उपलब्ध होऊ शकली नाही. सदर घटना दुर्दैवी आहे. आपला विनंती अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ माझीच वाक्यं होती. चालकाला विचारलंही नव्हतं, कारण अर्जात चालकच नव्हता.

मी त्याच दिवशी दुसरा अर्ज लिहिला. या वेळी आत्या जशी बोलली तसाच, ‘नाय’सुद्धा न बदलता. फोनच्या वेळा घातल्या, गाडी कुठे उभी होती ते घातलं. तो घेऊन मी स्वतः तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि शांतपणे वाचले.

“बाई, पहिल्या अर्जात म्हणता गाडी उपलब्ध नव्हती. यात म्हणता दारात उभी होती. खरं कुठलं धरायचं?”

“दुसरं. पहिलं मी लिहिलं होतं, सभ्य भाषेत.”

“अंगठा तर आजींचाच आहे.”

पुढे माझ्या पत्त्यावर लेखी उत्तर आलं: नंतरचे कथन पूर्वीच्या अर्जाशी विसंगत असल्याने विचारात घेता येत नाही.

ते पोचवायला मी डोंगरात गेले. आत्या अंगणात नाचणी पाखडत होती, सून भिंतीला टेकून बसली होती. मी कागद वाचून दाखवला. विसंगत म्हणजे काय, ते सुनेने विचारलं. मी सांगितलं, एकमेकांशी न जुळणारं.

“म्हंजी आमी खोटं बोललो,” ती म्हणाली.

आत्याने सूप खाली ठेवलं. “तिला बोलू नको,” ती सुनेला म्हणाली. “ती शिकलेली हाय. तिला आपलं बोलणं वंगाळ वाटलं, तिनं धुतलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “भाकर खाऊन जा.”

मी भाकर खाल्ली. त्यानंतर आत्या शहापूरला आलेली नाही.

नोकरी मी सोडली नाही. मागच्या महिन्यात वरिष्ठ बाईंनी माझी पत्रं नव्या मुलींना नमुना म्हणून वाचायला दिली.