मायबाप खोडून केलेला बयाण्याचा अर्ज

कर्जतला आमच्या आळीत राहणारा एक लहान कंत्राटदार खालापूरकडच्या रस्त्याखालच्या एका मोरीच्या दुरुस्तीची निविदा हरला. काम दुसऱ्याला मंजूर होऊन दोन महिने लोटले, तरी निविदेसोबत भरलेली त्याची बयाणा रक्कम बांधकाम खाते परत करीना. आणि ती हाती आल्याखेरीज पळसदरीच्या कामाची निविदा त्याला भरता येत नव्हती. त्याने परताव्याचा अर्ज मला दाखवला. त्यात ‘मायबाप सरकार’ तीनदा होते, चलानाचा क्रमांक एकदाही नव्हता.

“अरे, भीक मागतोस की स्वतःचे पैसे?”

“काका, सायब नाराज नाय झाला पायजे.”

मी मायबाप, दया, कृपा आणि लेकरेबाळे खोडली. निविदेचे नाव, ती मंजूर झाल्याची तारीख आणि त्याच्या वहीत टिपलेला कोषागाराच्या चलानाचा क्रमांक, दिनांक व रक्कम लिहिली. खाली एक वाक्य घातले: ‘मूळ चलान निविदेसोबत जोडलेले असल्याने ते आपल्याच नस्तीत आहे.’

अर्ज द्यायला मीही त्याच्याबरोबर गेलो. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज उलटून पाहिला आणि म्हणाला, “मूळ चलान जोडा.”

मी त्या वाक्यावर बोट ठेवले आणि जागचा हललो नाही. अखेर त्याने कपाटातून त्या निविदेची नस्ती काढली. चलान तिथेच टाचलेले होते.

“हे आधी सांगायचं ना, काका!” कारकून म्हणाला.

लिहिले होते, पण वाचणे हे त्या खात्यात कोणाच्याच कामात बसत नसावे. परताव्याचा आदेश आठवड्यात निघाला. पळसदरीची निविदा भरताना मात्र कंत्राटदाराने चलानाची नक्कल स्वतःजवळ ठेवली, आणि मायबापांना घरीच सोडले.