बाळासोंचा कोळसा

आमच्या शेजारचे बाळासो एसटीत ड्रायव्हर होते. चंदगडच्या घाटात चढ आला की ॲक्सिलरेटर पार तळाला टेकवायची त्यांची सवय. निवृत्त झाल्यावर पाय रिकामा झाला, पण सवय तशीच राहिली. भाजीत तिखट घालायला सांगावं तर ते मूठभर घालत, आणि जेवताना सगळ्यात आधी स्वतःच ठसकत.

त्यांच्या बायकोची, अंबूबाईंची, डोंगरउतारावर तीन गुंठे वरकस, हलकी जमीन आहे. तिथली नाचणी घरादाराला दोन-तीन महिने भाकरीला पुरते. जमीन तांबडी, आणि पावसानं धुऊन धुऊन आंबट झालेली. माती तपासली तर सामू, म्हणजे पीएच, पाच पूर्णांक दोन आला. कृषी सहायक तेजस्वी म्हणाली, "काका, चुना घालाच. आणि काजूच्या छाटणीचा कोळसा करून बघा. बायोचार म्हणतात त्याला."

बाळासोंना हे नाव फार आवडलं. त्यांनी अंबूबाईंकडे रान मागितलं.

"एक साल देते," अंबूबाई म्हणाल्या. "नाचणी बिघडली तर रान माझं, आन् म्हशीचं शेण तुमचं. जलमभर."

बाळासो शेणाला जन्मात हात लावलेला माणूस नाही. तरी त्यांनी हो म्हटलं.

खड्ड्यात फांद्या पेटवायच्या, वर पांढरी राख दिसू लागली की पुढचा थर टाकायचा, आणि शेवटी पाणी ओतून विझवायचं, नाहीतर सगळ्याची राखच होते. हे त्यांनी नीट केलं. मात्र विझलेला कोळसा वाळल्यावर भर वाऱ्यात कुटायला बसले. दोरीवर आमची धुणी होती. माझं एकुलतं पांढरं धोतर त्या दिवसापासून राखाडी झालं. अंबूबाई म्हणाल्या, "अवो, ओला करून कुटा की! सगळी गल्ली काळी केलीसा!"

तेजस्वीनं सांगितलेलं प्रमाण साधं होतं. गुंठ्याला सुका कोळसा पन्नास किलो, तेवढंच कुजलेलं शेणखत, दोन्ही कालवून पंधरवडाभर ओलं ठेवायचं, मग वरच्या वीतभर मातीत मिसळायचं. एक पट्टा कोराच ठेवायचा, म्हणजे फरक कळतो.

"पन्नासच?" बाळासो हळहळले. "एवढ्यात काय हुतंय?"

सांगितल्याप्रमाणे चुना आणि खत-कोळसा रानात पडला, पण उरलेला कोळसा त्यांच्या डोळ्यांत सलत होता. अंबूबाई माहेरी गेल्या, तेव्हा त्यांनी तो बांधाजवळच्या कोपऱ्यात शेणखताशिवाय, कोराच, सगळा ओतून टाकला. वर मला म्हणाले, "पावणं, ह्यो कोपरा बघा नंतर. नाचणी न्हवं, ऊस वाटंल!"

पावसाळा आला. नाचणी उगवली. कोरा पट्टा आणि कोळशाचं रान, दोन्ही सारखीच. फक्त बांधाजवळचा कोपरा हळदीसारखा पिवळा.

अंबूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ह्यो ऊस हाय व्हय?"

बाळासोंनी तेजस्वीला बोलावून घेतलं. तिनं कोपऱ्यातली माती उकरली. हात काळे झाले.

"काका, इथं किती घातलंत?"

"अंदाजानं."

"कोरा कोळसा उपाशी असतो. रोपांचा नत्र आधी तोच पितो, म्हणून शेणखतात भिजवायला सांगितलं होतं. या कोपऱ्याला शेणखत घाला, पुढच्या साली सावरेल. आणि बाकी रानात पहिल्याच वर्षी फारसं दिसत नाही, हे सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं हुतं," बाळासो पुटपुटले.

"मग पुढल्या साली परत कोळसा घालाय लागतोय?" अंबूबाईंनी विचारलं.

"नाही. तो वर्षानुवर्षं मातीत राहतो. फक्त शेणखत, आणि तपासणी सांगेल तेवढा चुना."

अंबूबाईंनी विचार केला. "म्हंजे ह्यांनी कशाला हातच लावायचा न्हाय. मग द्यूया की आनखी एक साल. पर कोपऱ्याचं शेण मात्र ह्येंनीच टाकायचं."

बाळासोंनी नाक दाबून ते टाकलं.

दुसऱ्या साली श्रावणात पावसानं चांगली उघडीप दिली. कोऱ्या पट्ट्यातली नाचणी दुपारी माना टाकायची, कोळशाच्या रानातली जरा उशिरा. कोपरा हिरवा झाला. कणसं थोडी जास्त भरली, सामू साडेपाचवर आला. त्यात चुन्याचा वाटा मोठा, असं तेजस्वीनं बजावलं.

गाव बघायला आलं. "बाळासो, किती फरक पडला?"

सगळे वाट बघत होते, की आता दुप्पट, तिप्पट, चौपट ऐकायला मिळणार. बाळासोंनी अंबूबाईंकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "जरासा."



"बाळासो, बरं न्हाय काय तुमाला?" एकानं काळजीनं विचारलं. संध्याकाळपर्यंत तिघं जण तब्येत बघून गेले. एकजण तर नारळपाणी घेऊन आला.

अंबूबाईंनी मात्र रान त्यांच्याकडेच ठेवलं. "जरासा म्हनाय शिकले," त्या आमच्या घरी सांगत होत्या, "आता नाचनी कळंल त्येंना."