आप्पांचं 'पाहिले'

गोपाळकृष्ण आप्पांनी कचेरीत उभा जन्म एकच काम केलं. समोर आलेल्या कागदावर 'पाहिले' लिहायचं, सही ठोकायची आणि कागद पुढे ढकलायचा. निवृत्त झाले, पण खोड जाते थोडीच! नात मनस्विनी रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत गेली, तेव्हा शाळेच्या ॲपसाठी आप्पांनी आपलाच नंबर दिला. मुलगा गंधार बोटीवर, आणि सून ऋजुता मराठी शाळेत शिकलेली. तिला काय कळणार!

ॲप सगळं इंग्रजीत. हजेरी, गृहपाठ, फीची आठवण, रोज काहीतरी टुणकन वाजायचं. आप्पा चष्मा चढवून ओठ हलवायचे, मान डोलवायचे आणि 'अ‍ॅकनॉलेज'वर बोट दाबायचे. "झालं. पाहिलं." मनस्विनीने गृहपाठ काय दिलाय विचारलं तर म्हणायचे, "तुझा तुला ठाऊक नको?" फी थकल्याचं शाळेतून फोन आला की कळायचं. ऋजुताने मोबाइल मागितला की ठरलेलं उत्तर, "अगो, इंग्रजी आहे ते. घावण्यांचं पीठ नव्हे." फुकटचा तोरा, दुसरं काय!

पालकसभेत वर्गशिक्षिका हेमाबाईंनी विचारलं, "सूचना मराठीतूनही पाठवता येतात. पाठवू का?" मागच्या बाकांवर चारदोन हात वर जाऊ लागले, एवढ्यात आप्पा ताडकन उठले. "इंग्रजी शाळेत घालायचं आणि मराठी मागायचं? जमत नाही त्यांनी पोरं काढावीत!" हात खाली गेले. ऋजुताचाही गेला.

पुढे मनस्विनी खो-खोच्या संघात निवडली गेली. सामने गुहागरला. पोर अंगणात सुपारीच्या झाडांमधून पळून पळून गुडघे फोडून घेत होती. "आप्पा, ॲपवर संमती दिलीत ना?"

"कधीच! पाहिलं गो."

तिने बाईंना तसंच सांगितलं.

सामन्याच्या सकाळी आप्पा आणि ऋजुता मनस्विनीला सोडायला आले. शाळेच्या फाटकात गाडी उभी, पण यादीत तिचं नाव नाही. हेमाबाईंनी मोबाइल पुढे केला. "सूचना पाहिल्याची नोंद आहे. संमतीचं बटण खाली वेगळं होतं, ते दाबलेलंच नाही. मुदत काल संपली, यादी गेली. तिच्या जागी सानवी आहे."

"तुमच्या ॲपातच घोळ आहे!" आप्पा गरजले. शेंडी तुटो की पारंबी तुटो, चूक कबूल करणार नाहीत. गाडी निघून गेली. मनस्विनी रडली नाही. बुटांच्या नाड्या सोडता सोडता तिने विचारलं, "आप्पा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, तर आईला का नाही दिलंत?"

ते ऐकून ऋजुताला आप्पांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. इतकी वर्षं तोंड शिवून बसलो, ते कुणासाठी?

पुढच्या सभेला आप्पा पहिल्या रांगेत, घसा खाकरून तयारच होते. ऋजुता मागून उभी राहिली.

"बाई, सूचना मराठीतून पाठवा. आमच्या आप्पांना इंग्रजी येत नाही. आणि यापुढे नंबर माझा घाला."

आप्पांनी मान वळवली. मागच्या बाकांवर सगळे हात वर होते.